मानेतली छोटी गाठ आणि तिच्यातला उजळ भाग: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

रुग्ण ३६ वर्षांच्या, सत्तरी तालुक्यातल्या एका गावात राहणाऱ्या, अंगणवाडीत काम करणाऱ्या बाई. ओळख पटू नये म्हणून वय, गाव, काम असे काही तपशील बदलले आहेत.

चवथीच्या आधी त्यांना ताप आला, घसा धरला, गिळताना दुखू लागलं. दोन-तीन दिवसांत उजव्या जबड्याच्या कोनाखाली एक गाठ हाताला लागली. दाबली की दुखायची. गावातल्या डॉक्टरांनी घसा पाहिला, टॉन्सिल लाल आणि सुजलेले होते. त्यांनी सात दिवसांचं अँटिबायोटिक दिलं. ताप गेला, घसा मोकळा झाला, गाठ दुखायची थांबली, लहानही झाली, पण पूर्ण गेली नाही. चवथीला घर माणसांनी भरलेलं, त्यात कुणीतरी गाठ पाहिली आणि "ही दाखवून घे" असा धोशा लावला. डॉक्टरांनी मानेची सोनोग्राफी लिहून दिली. चिठ्ठीवर एवढंच होतं: मानेच्या उजव्या बाजूला सूज, घशाच्या संसर्गानंतर.

त्यांच्या घरी कुणाला थायरॉइडचा कर्करोग नव्हता, लहानपणी मानेला रेडिएशन दिलेलं नव्हतं, तंबाखू-सुपारीची सवय नव्हती, वजन घटलं नव्हतं, रात्री घाम येत नव्हता. आवाज नेहमीचाच होता.

पहिली सोनोग्राफी काय सांगत होती

पहिली तपासणी दुसऱ्या एका केंद्रावर झाली. रिपोर्ट नीटनेटका होता. उजवीकडे लेव्हल २ मध्ये, म्हणजे जबड्याच्या कोनाखाली, २४ × ९ मिलिमीटरची लांबट लिम्फ नोड, म्हणजे लसीकाग्रंथी, मधला चरबीचा भाग शाबूत. दोन्ही बाजूंना आणखी काही लहान नोड. डावीकडे लेव्हल ४ मध्ये, म्हणजे मानेच्या खालच्या भागात हसळीच्या हाडाच्या जरा वर, ११ × ९ मिलिमीटरची एक नोड, "फॅटी हायलम दिसतो", म्हणजे हिचाही मधला चरबीचा गाभा शाबूत. निष्कर्ष: संसर्गामुळे सुजलेल्या, रिअ‍ॅक्टिव्ह नोड. गाठ राहिली तर सहा आठवड्यांनी पुन्हा पाहावी.

घरच्यांच्या मनात २४ हा आकडा घर करून बसला. जवळजवळ अडीच सेंटिमीटर! गोष्ट साहजिक आहे, पण मानेच्या नोडमध्ये लांबीला फारसं महत्त्व नसतं. जबड्याच्या कोनाखालची नोड टॉन्सिल आणि घशाचं पाणी गाळते, त्यामुळे धडधाकट माणसातही ती मानेतली सगळ्यांत मोठी असते आणि घसा धरला की आणखी फुगते. आम्ही पाहतो ती आडवी जाडी. साधारण ८ ते १० मिलिमीटरच्या पुढे जाडी गेली की लक्ष देतो, या नोडच्या बाबतीत थोडी जास्तही चालवून घेतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे जाडीला लांबीने भागून काय येतं. निम्म्यापेक्षा कमी आलं तर नोड लांबट, जास्त आलं तर गोलाकडे झुकलेली. ९ भागिले २४ म्हणजे ०.३८, ही लांबट. आणि डावीकडची छोटी? ९ भागिले ११ म्हणजे ०.८२. जवळजवळ गोटीच.

दोन्ही मापं त्या रिपोर्टात होती. फक्त भागाकार कुणी केलेला नव्हता. गोल नोड म्हणजे कर्करोग असं मुळीच नाही. जबड्याखालच्या आणि कानापुढच्या नोड कित्येकदा जन्मजात गोलसर असतात. पण लेव्हल ४ मधली नोड सहसा चपटी, बारीक असते. तिथे गोल नोड दिसली की निदान थांबून पाहावं. इथे थांबायची गरज वाटली नाही, कारण पुढेच लिहिलं होतं: फॅटी हायलम दिसतो.

प्रश्न नेमका कुठे होता

सहा आठवड्यांनी गावातल्या डॉक्टरांनी बाईंना माझ्याकडे पाठवलं. चिठ्ठी पुन्हा उजव्या बाजूचीच.

मी उजवीकडूनच सुरुवात केली. मोठी नोड आता १९ × ७ झाली होती. आकार काजूगरासारखा, आणि काजूला आतल्या बाजूला जशी खाच असते तशी खाच तिला होती. त्या खाचेतून उजळ पट्टा आत शिरून नोडच्या मधोमध लांबीच्या दिशेने जात होता. भोवती काळपट कॉर्टेक्सचा थर, सगळीकडे सारख्याच जाडीचा. डॉपलर लावल्यावर एक रक्तवाहिनी त्याच खाचेतून आत जाऊन फांद्या फोडताना दिसली. हायलम म्हणतात तो हा. नोडच्या मध्यभागी रक्तवाहिन्या, लसीकेच्या पोकळ्या आणि चरबी एकत्र असतात. ध्वनिलहरींना तिथे असंख्य बारीक पृष्ठभाग भेटतात म्हणून तो भाग पडद्यावर पांढरट दिसतो. संसर्गाने नोड फुगते तेव्हा कॉर्टेक्स जाड होतो, पण हा गाभा आणि त्यात शिरणारी वाहिनी जागच्या जागी राहतात. सहा आठवड्यांत ती आकसलीही होती. तिच्याबद्दल मला काही शंका उरली नाही.

मग डावीकडे आले. वरपासून खाली प्रोब सरकवत लेव्हल ४ ला पोचले तेव्हा गळ्याच्या मोठ्या शिरेला, जुग्युलर व्हेनला, टेकलेली ती छोटी नोड दिसली. ११ × ९, पहिल्या रिपोर्टात होती तेवढीच. घसा बरा होऊन इतके दिवस झाले, उजवीकडची आकसली, ही मात्र तसूभरही हलली नव्हती.

तिच्यात उजळ भाग होता, हे खरं. पहिल्या नजरेला कुणीही हायलम म्हणेल असाच. पण तो मधोमध नव्हता, नोडच्या वरच्या टोकाशी एका बाजूला होता. मी प्रोब नव्वद अंशांत फिरवला. खरा हायलम एका छेदात पट्ट्यासारखा दिसतो आणि प्रोब फिरवत गेलं की कुठल्या ना कुठल्या छेदात तो नोडच्या कडेपर्यंत येऊन बाहेरच्या चरबीला मिळतो. हा भाग दोन्ही छेदांत गोलच राहिला. प्रोब थोडा थोडा तिरका करत मी सगळ्या बाजूंनी पाहिलं. कुठल्याही बाजूने तो बाहेर उघडत नव्हता. भोवती काळपट कॉर्टेक्सची बारीक का होईना पण सलग कड होती.

दुसरी खूण म्हणजे त्याचा उजळपणा. हायलमचा पांढरेपणा शेजारच्या मानेतल्या चरबीशी जुळतो, कारण आत असते ती चरबीच. इथला पोत चरबीसारखा नव्हता. तो बारीक रवाळ होता, थेट थायरॉइडच्या निरोगी पोतासारखा. योगायोगाने त्याच छेदात थायरॉइडची कड दिसत होती, त्यामुळे दोन्ही शेजारी ठेवून तुलना करता आली. त्या उजळ भागात तीन-चार टाचणीच्या टोकाएवढे चमकणारे ठिपके होते आणि त्यांच्यामागे सावली पडत नव्हती. जुन्या बऱ्या झालेल्या टीबीत नोडमध्ये चुन्याचे खडे राहतात, पण ते जाडसर असतात आणि मागे काळी सावली टाकतात. हे ठिपके इतके सूक्ष्म की सावली टाकायला ते पुरे पडत नाहीत.

डॉपलर लावताना हात हलका ठेवावा लागतो. मानेतली नोड त्वचेच्या अगदी जवळ असते. प्रोब जरा दाबला की बारीक वाहिन्या चेपतात आणि पडदा कोरा दिसतो, मग माणूस "रक्तप्रवाह नाही" असं लिहून मोकळा होतो. मी जेल भरपूर घालून, प्रोब जेमतेम टेकवून, मंद प्रवाह टिपेल अशी यंत्राची मांडणी केली. उजळ भागात मधोमध शिरणारी वाहिनी नव्हतीच. दोन ठिकाणी कडेवरून, कॉर्टेक्स भेदून रक्त आत येत होतं.

गोल आकार, कडेवरून येणारं रक्त, सूक्ष्म ठिपके आणि थायरॉइडच्या पोताचा उजळ डाग एकत्र दिसले की पहिला विचार थायरॉइडच्या पॅपिलरी कर्करोगाचाच येतो. बहुतेक कर्करोग नोडमध्ये उतरले की तिला काळी करतात आणि हायलम पुसून टाकतात. पॅपिलरी कर्करोग याला मोठा अपवाद आहे, तो नोडला उजळ करू शकतो. म्हणूनच त्याचा डाग चरबीचा गाभा म्हणून खपून जातो. उजळ भाग दिसला या एका गोष्टीवर बाकीच्या खुणांची तपासणी थांबली, तर फसगत होते ती इथेच.

थायरॉइड पाहिलं. डाव्या लोबच्या खालच्या अर्ध्यात ८ मिलिमीटरची काळपट गाठ, कडा वेड्यावाकड्या, रुंदीपेक्षा उंची जास्त, आत तसेच ठिपके.

समोर कोणते पर्याय होते

गावातल्या डॉक्टरांना मी तिथूनच फोन केला. त्यांचा पहिला प्रश्न होता, "टीबी असेल का? एकेटी सुरू करू का?" एकेटी म्हणजे टीबीची औषधं. प्रश्न योग्यच होता. आपल्याकडे मानेत न जाणारी गाठ म्हटली की टीबीचा विचार करावाच लागतो, आणि टीबीसुद्धा नोडचा हायलम खाऊन टाकतो, तिला गोल करतो. पण टीबीच्या नोड सहसा एकमेकींना चिकटतात, भोवतालचे थर सुजून धूसर होतात, आत मेलेला काळा भाग दिसतो. इथे एकच सुटी नोड होती, भोवती सगळं स्वच्छ. आणि टीबीची शंका असली तरी औषध आधी सुरू करून गाठ कमी होते का पाहायचं, ही पद्धत मला पटत नाही. सुईने काढलेला नमुना सीबीनॅट या टीबीच्या चाचणीला पाठवला तर टीबी आहे का हे बरंचसं कळतं. सहा महिन्यांची औषधं अंदाजाने चालू केली की मूळ आजार तेवढे महिने तसाच राहतो.

दुसरा पर्याय, आणखी सहा आठवडे वाट पाहणं. उजव्या नोडसाठी ते चाललं असतं, डावीसाठी नाही. रिअ‍ॅक्टिव्ह नोड कमी व्हायला हवी होती तेवढा वेळ देऊन झाला होता.

तिसरा, ती नोड शस्त्रक्रियेने काढून तपासायची. काही ठिकाणी अजून हेच आधी करतात. पण निदान थायरॉइडचं निघालं तर त्याच जागी पुढे मोठी शस्त्रक्रिया करावी लागते, आणि आधीच्या चिरेमुळे तिथले थर चिकटलेले सापडतात. लिम्फोमाची, म्हणजे लसीकापेशींच्याच कर्करोगाची, दाट शंका असती तर गोष्ट निराळी. तिथे सुईचा नमुना अनेकदा अपुरा पडतो आणि जाड सुईचा तुकडा किंवा पूर्ण नोड लागते.

चौथा, आधी सीटी स्कॅन. या आकाराच्या नोडमधलं इतकं बारीक काम सीटीला सोनोग्राफीइतकं दिसत नाही. शिवाय सीटीच्या औषधात आयोडीन असतं, त्यामुळे पुढे थायरॉइडच्या उरलेल्या पेशींसाठी रेडिओआयोडीन द्यायचं ठरलं तर काही आठवडे थांबावं लागतं. छातीच्या दिशेने पसरलेला मोठा आजार असता तर ती किंमत मोजली असती.

उरला पर्याय बारीक सुईने नमुना घेण्याचा, एफएनएसीचा. इथेही एक निवड होती: सुई कशात घालायची? थायरॉइडमधली गाठ ८ मिलिमीटरची होती. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिऑलॉजीच्या टाय-रॅड्स पद्धतीत ती सर्वांत संशयास्पद गटात, पाचव्यात, बसत होती; पण त्या गटातही सुई सुचवली आहे ती १ सेंटिमीटर आणि पुढच्या गाठींना. गाठ एकटीच असती तर तिच्यावर नुसती नजर ठेवणं रास्त ठरलं असतं. संशयास्पद नोडमुळे हिशेब बदलला. नोडमध्ये आजार सिद्ध झाला तर थायरॉइडचंही निदान त्यातच होतं आणि शस्त्रक्रिया किती मोठी करायची तेही ठरतं. म्हणून सुई नोडमध्ये.

हे बाईंना समजावणं त्या दिवसातलं सगळ्यांत नाजूक काम होतं.

"पण डॉक्टर, हाताला लागते ती इथली गाठ," त्यांनी उजव्या जबड्याखाली बोट ठेवलं. "तिला सोडून दुसरीकडेच सुई कशाला?"

मी पडदा त्यांच्याकडे वळवला आणि दोन्ही नोड एकापाठोपाठ दाखवल्या. उजवीकडच्या गाठीमुळे तुम्ही इथवर आलात, पण ती घशाच्या दुखण्याची आहे आणि कमी होत चालली आहे. डावीकडची हाताला लागत नाही कारण ती छोटी आहे आणि स्नायूच्या खाली आहे. तिच्यात जे दिसतंय ते मला ठीक वाटत नाही, म्हणून खात्री करायची आहे. त्यांचे यजमान म्हणाले, "सुई टोचली की गाठ पसरते म्हणतात." हे मी दर आठवड्याला ऐकते आणि दर वेळी तितक्याच गांभीर्याने उत्तर देते, कारण या भीतीने माणसं महिनोन्‌महिने थांबतात. इतक्या बारीक सुईने थायरॉइडचा आजार सुईच्या वाटेवर पसरल्याची उदाहरणं अत्यंत विरळ आहेत; निदान न होण्याचा धोका त्याच्या कितीतरी पट. "कॅन्सर आहे का?" असं त्यांनी विचारलं तेव्हा "शक्यता आहे, सुईनंतर कळेल" असंच सांगितलं. काही नाही म्हणून धीर देणं मला योग्य वाटलं नसतं.

काय केलं

डावीकडची नोड जुग्युलर शिरेला टेकलेली आणि कॅरॉटिड धमनी तिच्या आतल्या बाजूला. म्हणून सुई प्रोबच्या लांबीच्या रेषेत, बाहेरून आत, पूर्ण वेळ टोक पडद्यावर दिसत राहील अशी घातली. २५ गेजची सुई. लक्ष्य तो उजळ भागच; काळपट कॉर्टेक्समधून नमुना घेतला असता तर नुसत्या लसीकापेशी हाती लागल्या असत्या आणि "रिअ‍ॅक्टिव्ह" असा दिलासा देणारा पण खोटा निकाल आला असता. दोन वेळा नमुना घेतला. काचपट्ट्या केल्यावर तीच सुई १ मिलिलिटर सलाइनमध्ये धुतली आणि ते पाणी थायरोग्लोब्युलिनच्या तपासणीला पाठवलं.

या धुवणाचं महत्त्व सांगायला हवं. थायरोग्लोब्युलिन हे प्रथिन फक्त थायरॉइडच्या पेशी बनवतात. मानेच्या बाजूच्या लिम्फ नोडमध्ये ते असायला काही कारण नाही. काचपट्टीवर पेशी कमी आल्या, विशेषतः नोड पाणी धरलेली असली, तर निकाल अधांतरी राहतो. धुवणातलं प्रथिन मात्र तेव्हाही सापडतं. थायरॉइड अजून शरीरात असताना रक्तातूनही थोडं मिसळू शकतं, म्हणून किंचित वाढलेल्या आकड्यावर भर देऊ नये. युरोपियन थायरॉइड असोसिएशनच्या मांडणीनुसार मिलिलिटरमागे १ नॅनोग्रॅमच्या आत असेल तर निश्चिंत, १० च्या वर असेल तर जोरदार संशय, मधल्या पट्ट्यात पेशींशी ताडून पाहायचं.

उजव्या नोडला हात लावला नाही. घरच्यांची इच्छा होती की "आता आलोच आहोत तर तीही करून टाका". खरं सांगायचं तर मोह सोपा असतो, रुग्णही खूश होतो. पण जी नोड लांबट आहे, गाभा धरून आहे आणि आकसते आहे, तिला सुई घालून काहीच नवं कळणार नव्हतं.

निष्पत्ती

काचपट्टीवर पॅपिलरी कर्करोगाच्या पेशी मिळाल्या: केंद्रकांवर खाचा आणि केंद्रकाच्या आत पोकळीसारखे डाग, हे त्याचं ठरलेलं रूप. धुवणातलं थायरोग्लोब्युलिन प्रयोगशाळेच्या मोजपट्टीच्या वरच्या टोकालाही ओलांडून गेलं होतं. टीबीची तपासणी नकारात्मक.

पुढे शस्त्रक्रियेआधी मी संपूर्ण मानेचा नकाशा काढून दिला: कुठल्या लेव्हलला कुठल्या नोड, कुठली संशयास्पद, कुठली नाही. सर्जनना यावरूनच ठरवता येतं की एक बाजू की दोन्ही. डाव्या लेव्हल ३ मध्ये आणखी एक ६ मिलिमीटरची नोड सापडली, तिच्यात उजळ भाग नव्हता, पण एका टोकाला कॉर्टेक्स कुबडासारखा जाड झालेला होता. हायलम होता, तोही खरा, फक्त एका बाजूला ढकललेला. असल्या नोडला "हायलम आहे" म्हणून सोडू नये. आजार सुरुवातीला कॉर्टेक्सच्या एका कोपऱ्यात बसतो आणि गाभा बराच काळ टिकून राहू शकतो. स्वरतंतूंची हालचाल पाहून घेतली, ती दोन्ही बाजूंना चांगली होती.

बाईंचं पूर्ण थायरॉइड, मानेच्या मधल्या भागातल्या आणि डाव्या बाजूच्या नोड काढल्या. पॅथॉलॉजीच्या अहवालात थायरॉइडमधली गाठ ८ मिलिमीटर, पॅपिलरी कर्करोग. डावीकडच्या लेव्हल ३ आणि ४ च्या दोन्ही नोडमध्ये आणि मधल्या भागातल्या दोन नोडमध्ये आजार. मधल्या भागातल्या त्या दोन सोनोग्राफीत दिसल्या नव्हत्या. थायरॉइड जागेवर असताना त्याच्या मागच्या नोड सोनोग्राफीला नीट दिसत नाहीत, ही या तपासणीची ठाऊक असलेली मर्यादा आहे.

ऑपरेशननंतर कॅल्शियम उतरून बोटांना मुंग्या येत होत्या, त्या गोळ्यांनी काही आठवड्यांत गेल्या. रेडिओआयोडीन दिलं. थायरॉक्सिनची गोळी आता जन्मभर. नोडपर्यंत आजार पोचला हे ऐकून घरच्यांना वाटलं की आता शेवटची पायरी. इथे वयाचा नियम उपयोगी पडला: कर्करोगाचे टप्पे ठरवणाऱ्या वर्गीकरणाच्या २०१८ पासून वापरात असलेल्या आठव्या आवृत्तीत, वय ५५ च्या आत आणि दूरच्या अवयवांत आजार नसेल, तर नोडमध्ये आजार असूनही तो पहिल्या टप्प्यातच धरतात. अशा रुग्णांचं आयुष्य बहुतेक वेळा पूर्ण असतं. नोडमध्ये आजार पुन्हा उगवण्याची शक्यता मात्र राहते, म्हणून मानेची सोनोग्राफी आणि रक्तातलं थायरोग्लोब्युलिन ठरावीक काळाने चालू आहे.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या तपासणीत नोड सुटली नव्हती. ती सापडली, मोजली, लिहिली. फरक पडला असता तो तीन गोष्टींनी. मापांचा भागाकार रिपोर्टात आला असता तर गोल आकार डोळ्यांत भरला असता. उजळ भाग दुसऱ्या छेदात पाहिला असता आणि तो बाहेरच्या चरबीशी जोडलेला आहे का हे तपासलं असतं, तर त्याला हायलम म्हणताना हात थबकला असता. आणि मान पाहताना थायरॉइडवरून प्रोब एकदा फिरवला असता तर कोडं तिथेच सुटलं असतं. त्याला दोन-तीन मिनिटं पुरतात. चिठ्ठीवर "उजवी बाजू" लिहिलेलं असताना घाईच्या ओपीडीत उजवीकडेच लक्ष खिळतं, हेही तितकंच खरं. गावातल्या त्या डॉक्टरांशी बोलून आता ते चिठ्ठीवर "मान, दोन्ही बाजू, थायरॉइडसह" असंच लिहितात.

उलट टोकाची चूकही मला दिसते, आणि ती जास्त वेळा दिसते. प्रत्येक उजळ डागाचा संशय घेत सुटलं तर मानेत सुईंना अंत राहणार नाही. वय वाढलं की नोडचा गाभा चरबीने भरत जातो, कॉर्टेक्सची नुसती सालपटासारखी कड उरते. ती नोड मोठी दिसते पण निरुपद्रवी असते. तसंच ५ मिलिमीटरपेक्षा लहान नोडमध्ये हायलम दिसलाच नाही तर त्यात नवल नाही, तो असतो पण यंत्राच्या आवाक्याबाहेर. एका खुणेवर कुणालाही सुईसाठी बसवू नये. या बाईंच्या नोडमध्ये आकार, जागा, न बदलणं, डागाचं बंदिस्त असणं, ठिपके आणि रक्ताची वाट, सगळं एकाच दिशेला बोट दाखवत होतं.

सहा आठवडे थांबण्याच्या सल्ल्याबद्दल घरच्यांनी विचारलं होतं की त्याने नुकसान झालं का. पॅपिलरी कर्करोग सावकाश चालतो, तेवढ्या अवधीने या बाईंच्या उपचारात काही फरक पडला नसावा. पण तोच सल्ला प्रत्येकाला लागू होत नाही. घसा दुखून, ताप येऊन, दुखरी गाठ आली तर थांबून पुन्हा पाहणं ठीक आहे. तंबाखू किंवा सुपारी खाणारा, पन्नाशी ओलांडलेला माणूस, ताप नाही, घसा दुखत नाही, आणि कडक, न दुखणारी गाठ दोन आठवड्यांहून जास्त दिवस टिकून आहे, तर त्याला अँटिबायोटिक देऊन महिना-दीड महिना घालवू नये. तिथे गोल, काळी, गाभा हरवलेली नोड बहुधा तोंडातल्या किंवा घशातल्या आजाराची असते, तो आजार वेगाने वाढतो, आणि सुई व घशाची दुर्बिणीतून तपासणी त्याच आठवड्यात ठरवावी लागते.